जाहिरातीचे वाचन आणि अर्जाचा पहिला परिच्छेद

नोकरीच्या जाहिरातीत आठ-दहा अपेक्षा एका ओळीत मांडलेल्या असतात. परंतु त्या साऱ्या सारख्याच वजनाच्या नसतात. अर्जासोबतच्या पत्राच्या आरंभी त्यांपैकी दोन किंवा तीनच अपेक्षांना उत्तर देता येते. त्या कोणत्या, हे जाहिरातीच्या मजकुरातूनच शोधावे लागते.

उदाहरणादाखल एक जाहिरात कल्पू या. ‘वेर्णा औद्योगिक वसाहतीतील औषधनिर्मिती कारखान्यात भांडार साहाय्यक पाहिजे. पदवीधर असणे आवश्यक. मालाची आवक-जावक संगणकावर नोंदविणे, मुदत संपत आलेल्या मालावर लक्ष ठेवणे, दरमहा साठ्याची प्रत्यक्ष मोजणी करून तफावतीचा अहवाल देणे व लेखापरीक्षणाच्या वेळी नोंदी सादर करणे ही कामे करावी लागतील. पाळ्यांमध्ये काम करण्याची तयारी हवी. उमेदवार मेहनती व उत्साही असावा. दुचाकीचा परवाना असल्यास प्राधान्य.’

प्रथम ‘आवश्यक’, ‘हवी’ आणि ‘प्राधान्य’ हे शब्द वेगळे काढावेत. ‘आवश्यक’ अट म्हणजे उंबरठा होय. ती पुरी न करणारा अर्ज बहुधा पुढे सरकत नाही. मात्र ती सर्वच पात्र उमेदवार पुरी करीत असल्यामुळे तिच्यामुळे कोणी उठून दिसत नाही. म्हणून पदवी व पाळ्यांची तयारी यांचा उल्लेख एकेका वाक्यात उरकावा. परवान्याचा उल्लेख शेवटी आला तरी चालेल. ‘मेहनती व उत्साही’ हे शब्द कोणत्याही जाहिरातीत शोभतील असे आहेत. त्यांना उत्तर देण्यात जागा दवडू नये.

यानंतर कामाचा तपशील वाचावा. एकच गरज निरनिराळ्या शब्दांत किती वेळा आली आहे, हे येथे पाहायचे असते. वरील जाहिरातीत आवक-जावक नोंदविणे, मोजणी करून तफावत कळविणे आणि लेखापरीक्षणास नोंदी सादर करणे ही तीन कामे वेगळी दिसतात; परंतु त्यांचे मूळ एकच आहे. फडताळावरील माल आणि नोंदीतील आकडा यांचा मेळ बसला पाहिजे, ही मालकाची खरी निकड आहे. ही पहिली अपेक्षा. दुसरी अपेक्षा मुदतीसंबंधीची. ती एकदाच आली असली तरी औषधांच्या धंद्याला विशेष लागू आहे, म्हणून ती महत्त्वाची.

आता समजा, अर्जदार एक वाणिज्य पदवीधर तरुणी असून तिने म्हापसा येथे औषधांच्या घाऊक दुकानात दोन वर्षे काम केले आहे. पुष्कळदा अशी पत्रे जन्मगाव, शाळा आणि पदवी या क्रमाने सुरू होतात आणि अनुभव तिसऱ्या परिच्छेदात येतो. त्याऐवजी तिने असा आरंभ करावा : ‘मी दोन वर्षे औषधांच्या घाऊक दुकानात सुमारे ६०० प्रकारच्या मालाची आवक-जावक संगणकावर नोंदवीत आहे. दर महिनाअखेर प्रत्यक्ष मोजणी करून तफावत व तिचे कारण मालकांना लेखी कळविते. ज्या मालाची मुदत आधी संपते तो आधी बाहेर जावा, अशी मांडणी ठेविते आणि मुदतीपूर्वी तीन महिने अशा मालाची यादी काढते. मी वाणिज्य पदवीधर असून पाळ्यांमध्ये काम करण्यास तयार आहे.’ या चार वाक्यांत दोन्ही मुख्य अपेक्षांना पुराव्यासह उत्तर मिळाले आणि उंबरठाही ओलांडला गेला. लेखापरीक्षणाचा अनुभव तिला नाही. तो असल्याचे भासवू नये. नोंदी कशा जपून ठेविल्या, एवढेच पुढील परिच्छेदात सांगावे.

जाहिरातीतील शब्द जसेच्या तसे उतरवून ‘मला साठा मोजणीचा उत्तम अनुभव आहे’ असे लिहिणे ही नेहमी आढळणारी चूक होय. त्यात किती माल, किती वेळा आणि कसे, यांपैकी काहीच कळत नाही. पत्राची परीक्षा सोपी आहे. पहिला परिच्छेद जाहिरात न पाहिलेल्या व्यक्तीस वाचावयास द्यावा आणि हा अर्ज कोणत्या कामासाठी आहे, असे विचारावे. उत्तर नेमके न आल्यास निवड चुकली असे समजावे.

सरकारी पदांच्या बाबतीत मात्र या पद्धतीला मर्यादा आहे. तेथे विहित नमुन्यातील अर्ज व प्रमाणपत्रे यांवरूनच छाननी होते. पत्रातील मांडणीने अपुरी पात्रता भरून निघत नाही. गोवा शासनाच्या जाहिरातींत कोंकणीचे ज्ञान ‘आवश्यक’ आणि मराठीचे ज्ञान ‘इष्ट’ असे सामान्यतः नमूद असते. या दोन शब्दांतील भेद ध्यानात घेऊनच अर्ज भरावा.