ड्रोन वर, अडचण खाली

मंगल कार्यालयाच्या दारात वरात आलेली आहे. शेजारच्या मोकळ्या पार्किंगवर साठ मीटर उंचीवर एक छोटा ड्रोन स्थिर उभा आहे आणि तो उडवणारा कॅमेरामन पोर्चच्या पत्र्याच्या शेडला खेटून, मान खाली घालून फोनकडे बघतो आहे. आधी स्क्रीनवरचे लोक अडखळत चालल्यासारखे दिसतात. मग चित्राचे चौकोन पडतात. मग सगळं राखाडी होऊन थांबतं. मान वर केली की ड्रोन डोळ्यांसमोर, जवळजवळ डोक्यावरच. खोक्यावर तर दहा किलोमीटर पल्ला लिहिलेला!

लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्या कुणालाही हा अनुभव नवा नाही. अशा वेळी पहिला संशय ड्रोनवर जातो, दुसरा ॲपवर. कारण मात्र बहुतेक वेळा कॅमेरामन उभा असलेल्या जागेत आणि त्याच्या हातातल्या रिमोटच्या अँटेनात सापडतं. असं का होतं, हे समजायला रिमोट आणि ड्रोन यांच्यात काय बोलणं चालतं ते आधी पाहावं लागेल.

हे बोलणं दुतर्फा असतं. रिमोटकडून ड्रोनकडे जातात त्या आज्ञा: वर जा, डावीकडे वळ, थांब. ही माहिती अगदी थोडी. ड्रोनकडून रिमोटकडे येतं ते चित्र, आणि ते मात्र जड. डीजेआयच्या मिनी टू या लोकप्रिय मॉडेलमध्ये हे थेट चित्र 720p दर्जाचं, सेकंदाला तीस फ्रेम असं येतं. रेडिओचा रस्ता खराब झाला की हलका निरोप कसाबसा पोचतो, जड सामान अडकतं. म्हणून चित्र आधी तुटतं आणि ताबा त्यानंतरही बराच वेळ टिकून राहतो. फोन काळा पडला म्हणजे ड्रोन हातचा गेला, असं नसतं.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. गोंगाटाचा त्रास बोलणाऱ्याला होत नाही, ऐकणाऱ्याला होतो. चित्र ऐकणारा कान जमिनीवर, रिमोटमध्ये आहे. त्यामुळे चित्र तुटत असेल तर गोंगाट रिमोटच्या आसपास शोधायचा. आज्ञा ऐकणारा कान ड्रोनमध्ये आहे. स्टिकला ड्रोन नीट प्रतिसाद देत नसेल तर त्रास ड्रोनच्या आसपास असण्याची शक्यता जास्त.

हा गोंगाट येतो कुठून? बहुतेक हौशी ड्रोन 2.4 गिगाहर्ट्झ किंवा 5.8 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. परवाना न घेता वापरता येणारे हे पट्टे आहेत, त्यामुळे तिथे सगळ्यांचीच गर्दी. कार्यालयाचा वाय-फाय राउटर, पाहुण्यांचे हॉटस्पॉट, ब्लूटूथ स्पीकर, कॉर्डलेस माइकचे काही प्रकार असे सगळे 2.4 च्या एकाच गल्लीत दाटीवाटीने बोलत असतात. भारतात त्यात एक भर पडते. मोबाइल कंपन्यांच्या 4G सेवेचा एक पट्टा 2300 ते 2400 मेगाहर्ट्झ असा आहे, म्हणजे ड्रोनच्या गल्लीला अगदी लागून. मोबाइल टॉवरच्या पायथ्याशी उभं राहून ड्रोन उडवणं म्हणजे भोंग्याखाली उभं राहून कानगोष्ट ऐकण्यासारखं आहे.

5.8 ची गल्ली बरीच मोकळी असते. पण तिलाही मर्यादा आहे. तिथली लहर जेमतेम पाच सेंटिमीटर लांबीची, 2.4 ची साडेबारा. लहर लहान झाली की पल्ला कमी होतो आणि झाडाच्या ओल्या पानांतून, भिंतीतून ती लवकर विरते. म्हणून गजबजलेल्या जागी, जवळच्या अंतरावर 5.8 बरा. उघड्या माळावर लांब जायचं तर 2.4. ॲप हा निर्णय सहसा आपोआप घेतं. डीजेआयच्या ॲपमध्ये Transmission या पानावर तो हाताने बदलताही येतो.

आता अँटेना. इथे सर्वाधिक चुका होतात, कारण मनातलं चित्रच उलटं असतं. अँटेना बंदुकीसारखी आहे, तिचं टोक ड्रोनकडे रोखलं की लहर सरळ तिकडे जाते, असं वाटतं. प्रत्यक्षात मेदूवडा डोळ्यांसमोर आणावा. मधल्या भोकातून अँटेनाची काडी आरपार गेलेली आहे आणि वड्याचा जाडजूड भाग म्हणजे तिची लहर. लहर चहूबाजूंना, कुशीकडे भरपूर असते. काडीच्या टोकाच्या रेषेत मात्र जवळजवळ काहीच नसतं. टोक ड्रोनकडे रोखणं म्हणजे वड्याचं भोक त्याच्याकडे करणं.

म्हणूनच चपट्या अँटेना असलेल्या रिमोटच्या माहितीपुस्तिकेत दोन्ही अँटेना एकमेकींना समांतर ठेवून त्यांची रुंद बाजू ड्रोनकडे करायला सांगितलेलं असतं. ड्रोन समोर लांबवर असेल तर अँटेना उभ्या. ड्रोन वर चढत जाईल तशा त्या मागे कलत्या करायच्या, म्हणजे रुंद बाजूचं तोंड त्याच्याकडेच राहतं. काही रिमोटमध्ये वेगळ्या अँटेना दिसतच नाहीत. त्या फोन धरणाऱ्या वरच्या क्लॅम्पमध्ये लपवलेल्या असतात. अशा रिमोटवर ऊन चुकवायला स्क्रीन आडवी केली, रिमोट पोटाशी धरला, की नकळत अँटेनाही फिरते. क्लॅम्पभोवती बोटांची मूठ वळली तरी फरक पडतो. शरीरात पाणीच जास्त आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. ड्रोनकडे पाठ करून उभं राहिलं तर मध्ये स्वतःचाच देह आडवा येतो.

खात्री करून घ्यायची असेल तर मोकळ्या मैदानावर पाच मिनिटांचा प्रयोग पुरतो. ड्रोन शंभर मीटरवर, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीवर स्थिर उभा करावा. अँटेनांची रुंद बाजू त्याच्याकडे ठेवून सिग्नलच्या रेघा पाहाव्यात. मग टोकं त्याच्याकडे रोखून पाहावं, मग पाठ फिरवून. एवढ्या जवळ चित्र कदाचित तुटणार नाही, पण सिग्नल किती ढासळतो याचा अंदाज येतो. पुढे अंतर वाढलं की हीच घसरण महागात पडते, कारण अंतर दुप्पट झालं की पोचणारी ताकद एक चतुर्थांश उरते.

अडथळ्यांबाबत एक बारकावा आहे. ड्रोन नुसता दिसतो आहे एवढ्याने रस्ता मोकळा झाला असं होत नाही. लहर दोरीसारखी बारीक जात नाही, मध्ये फुगलेल्या ढोलकीसारखी जागा व्यापते. 2.4 गिगाहर्ट्झवर अर्धा किलोमीटर अंतर असेल तर मधोमध या ढोलकीची त्रिज्या सुमारे चार मीटर भरते. आंब्याच्या शेंड्याला घासून दृष्टी ड्रोनपर्यंत पोचत असली, तरी ढोलकीचा खालचा अर्धा भाग झाडात अडकलेला असतो. काही मीटर उंची वाढवली की चित्र अचानक स्वच्छ होतं, ते यामुळे.

आता लग्नातल्या त्या कॅमेरामनकडे परत येऊ. त्याची चूक एक नाही, तीन आहेत. एकटी कुठलीही चूक साठ मीटरवर सहसा चित्र तोडत नाही. तिन्ही एकत्र आल्या की तोडते. ड्रोन जवळजवळ डोक्यावर आणि अँटेना सरळ उभ्या, म्हणजे टोकं नेमकी ड्रोनकडे. बाजूला पत्र्याची शेड, जिच्यावरून लहरी परावर्तित होऊन मूळ लहरीत मिसळतात. आणि आत भिंतीवर राउटर, शिवाय खिशातल्या दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट चालू.

इलाज त्याच क्रमाने करायचा, एका वेळी एकच बदल करून आणि रेघा बघत. आधी स्टिक सोडायच्या. जीपीएस मिळालेला ड्रोन आहे तिथेच थांबतो. मग शेडपासून दूर, उघड्यावर पन्नास-साठ पावलं चालत जायचं, म्हणजे ड्रोन डोक्यावर न राहता समोर तिरका दिसू लागेल. अँटेना मागे कलवून रुंद बाजू त्याच्याकडे करायची. बहुतेक वेळा इथेच चित्र परत येतं. नाही आलं तर हॉटस्पॉट बंद करायचा आणि पट्टा 5.8 वर न्यायचा.

कधी कधी सिग्नलच्या रेघा पूर्ण असतात आणि तरी चित्र अडखळतं. तिथे रेडिओचा संबंध नाही. दोष फोनचा असतो. उन्हात तापलेला फोन स्वतःची गती कमी करतो आणि आलेलं चित्र वेळेत उलगडू शकत नाही. तो सावलीत नेणं, मागे चालू असलेली ॲप बंद करणं, केबल बदलून पाहणं हे इथले उपाय. थेट फोनच्या वाय-फायला जोडले जाणारे स्वस्त ड्रोन आणखी एका कारणाने दगा देतात. ड्रोनच्या वाय-फायवर इंटरनेट नाही हे पाहून फोन परस्पर मोबाइल डेटाकडे वळतो आणि चित्र जातं. उडवण्याआधी मोबाइल डेटा बंद केला की हा प्रश्न मिटतो.

उशीर हा तुटण्यापेक्षा फसवा. मिनी टूमध्ये चित्र पोचायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात. सेकंदाला दहा मीटर वेगाने जाणारा ड्रोन तेवढ्यात दोन मीटर पुढे गेलेला असतो. गोंगाटात हा उशीर एक सेकंद झाला, तर स्क्रीनवर झाड दहा मीटर लांब दिसत असताना ड्रोन त्याला धडकलेला असेल. चित्र अडखळू लागताच वेग कमी करायचा आणि नजर फोनवरून उचलून ड्रोनवर ठेवायची. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा असतो, त्याचा खरा उपयोग या क्षणी होतो.

चित्र गेलं तरी रिमोटवरचं परतीचं बटण काम करतं, आणि ताबाही तुटला तर जीपीएसचे ड्रोन आपोआप घरी यायला निघतात. ते उड्डाणाआधी ठरवलेल्या उंचीवरून सरळ रेषेत येतात. समोरचा अडथळा ओळखणारे सेन्सर अनेक लहान मॉडेलमध्ये नसतात. त्यामुळे परतीची उंची आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा, इमारतीपेक्षा आणि टॉवरपेक्षा जास्त आहे ना, हे पंखे फिरण्याआधी बघून घ्यावं. आणि शॉट वाया गेला म्हणून हळहळायचं कारण नाही: रेकॉर्डिंग चालू केलेलं असेल, तर फोनवर तुटलेलं दृश्य ड्रोनमधल्या मेमरी कार्डवर सलग उतरलेलं असतं.