०४/०५ म्हणजे एप्रिल की मे?

०४/०५/२०२५ ही तारीख भारतात ४ मे अशी वाचली जाते, अमेरिकेत ५ एप्रिल. दिवस बाराच्या पुढे गेला की घोळ उरत नाही, कारण तेरावा महिना नसतो. पण वर्षातल्या १३२ तारखा अशा आहेत की त्या दोन्हीकडे खऱ्या ठरतात आणि म्हणूनच चूक कोणाच्या डोळ्यावर येत नाही.

निर्यातीत ही चूक लेटर ऑफ क्रेडिटमध्ये, म्हणजे एलसीत, महागात पडते. समजा, सोलापूरच्या टॉवेल कारखान्याला ह्यूस्टनहून ऑर्डर आली आणि माल ०४/०५/२०२५ पर्यंत जहाजावर चढवा असे तीत लिहिले आहे. कारखान्याने ४ मे धरून २२ एप्रिलला माल चढवला. बँकेकडून आलेल्या एलसीत मात्र `44C` या रकान्यात, म्हणजे शेवटच्या शिपमेंटच्या तारखेपुढे, `250405` होते. स्विफ्ट संदेशात तारीख नेहमी वर्ष, महिना, दिवस अशी येते, म्हणजे ही निःसंशय ५ एप्रिल. बिल ऑफ लेडिंगवर २२ एप्रिल दिसताच बँक उशिराच्या शिपमेंटची डिस्क्रेपन्सी काढणार. मग पैसे खरेदीदाराच्या मर्जीवर, आणि तो बहुधा सूट मागतो.

उलगडा ऑर्डरमध्येच होता. तिच्यावरची तारीख ०२/२५/२०२५ होती. पंचविसावा महिना नसल्याने लिहिणारा महिना आधी लिहितो हे उघड होते. अशी साक्षीदार तारीख त्याच कागदावर किंवा त्याच माणसाच्या आधीच्या पत्रांत शोधायची. कंपनीच्या देशावरून अंदाज बांधणे तितके भरवशाचे नाही. कॅनडात तर दोन्ही पद्धती चालतात. साक्षीदार सापडला तरी महिना अक्षरांत लिहून लेखी खात्री करून घ्यावी आणि एलसी हाती येताच `44C` ऑर्डरशी ताडून पाहावा. तेव्हा फरक कळला तर दुरुस्ती मागता येते. पण एलसी जारी करणाऱ्या बँकेची संमती लागते, आणि बँक सहसा खरेदीदाराच्या सांगण्यावरूनच ती देते.

बँका कागदपत्रे तपासताना ज्या आंतरराष्ट्रीय प्रमाण-पद्धतीचा आधार घेतात, ती कोणतीही मांडणी चालवून घेते. अट एवढीच, की अभिप्रेत तारीख त्या कागदावरून किंवा सोबतच्या कागदांवरून ठरवता आली पाहिजे. शिफारस मात्र महिना शब्दांत लिहिण्याची आहे. करारात म्हणूनच ५ एप्रिल २०२५ असे लिहावे. फाइलींच्या नावांत आणि तक्त्यांत आयएसओ ८६०१ प्रमाणे `2025-04-05` सोयीचे, कारण नावाने लावलेल्या फाइली आपोआप कालक्रमाने लागतात.

एक्सेलची खोड वेगळी. अमेरिकी सेटिंगच्या संगणकावर भारतीय यादी उघडली की ०५/०४ गुपचूप ४ मे होते, तर २५/०४ तारीख न बनता नुसता मजकूर राहतो. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर उजवीकडच्या तारखांवर आधी संशय घ्यावा.