देवळालीच्या रेडिएटरमध्ये काय भरावं?

देवळाली कॅम्पात थंडी चांगली पडते, पण रेडिएटरमधलं पाणी गोठून इंजिन फुटावं इतकी नाही. त्यामुळे कूलंटच्या डब्यावरचा उणे 37 अंशांचा आकडा लॅम रोडवरच्या गाडीवाल्याला लागू होत नाही. तो लडाखला निघालेल्या लष्करी ट्रकच्या कामाचा. मग इथे डब्यावर पैसे का घालवायचे? बोअरचं पाणी तर फुकट आहे. शिवाय उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा सरसच असतं.

पहिलं उत्तर कसारा घाटात मिळतं. मे महिन्यात एसी लावून, भरल्या गाडीने घाट चढताना काटा वर सरकतो. देवळाली किंवा इगतपुरीच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असेल तर साधारण 106 ला. म्हणजे फरक आठच अंशांचा. खरी कमाल रेडिएटरच्या झाकणाची. त्यावर 0.9 लिहिलेलं असेल, तर आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा 0.9 बार चढेपर्यंत ते वाफेला वाट देत नाही. त्या दाबाखाली साधं पाणीही 118 अंशांपर्यंत तग धरतं आणि मिश्रण सव्वाशेच्या पुढे जातं. आता हिशेब उलटा करून पाहा. चांगल्या झाकणाखालचं साधं पाणी 118 ला उकळणार, तर रबर कडक झालेल्या झाकणाखालचं महागडं कूलंट 106 लाच. गाडी उकळते म्हणून कूलंट बदलणाऱ्याने आधी झाकण बदलून पाहावं, असं माझं मत आहे. (गरम इंजिनावर ते झाकण मात्र उघडू नये. दाब सुटताच आतलं पाणी एकदम उसळतं.) घाट चढल्यावर लगेच इंजिन बंद करणंही घातक, कारण पंप थांबतो, हेडमधली उष्णता तिथेच साचते आणि थांबलेली गाडी उकळते.

म्हणजे उकळबिंदूचा मुद्दा खरा असला तरी कूलंटची निकड त्याने पुरती सिद्ध होत नाही. ती सिद्ध होते गंजाने.

पूर्वीचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत आणि डाग देऊन दुरुस्त होत. आज रेडिएटर आणि हेड बहुधा ॲल्युमिनियमचे, तर ब्लॉक अनेकदा बिडाचा. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात भिजत राहिले की त्यांच्यात विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. बोअरच्या पाण्यातले क्लोराइड त्याला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतात, तर कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार हेडच्या सर्वांत जास्त तापणाऱ्या भागावर पांढरा थर धरतात. हा थर उष्णता अडवतो. नळ्या आतून अरुंद होतात, वॉटर बॉडीचं सील खरवडलं जातं. पाणी तांबूस दिसलं तर बिडाचा गंज आहे, नळीच्या सांध्यावर पांढरी भुकटी दिसली तर ॲल्युमिनियमचा.

कूलंटमधलं ग्लायकॉल हा गंज थांबवत नाही. उलट जुनं होताना ते स्वतःच आम्ल तयार करतं. थांबवतात ती त्यात मिसळलेली गंजरोधक रसायनं, आणि ती हळूहळू संपतात. म्हणून रंग हिरवागार असला तरी कंपनीने दिलेल्या मुदतीत कूलंट बदलावं लागतं. रंगावरून प्रकारही ओळखता येत नाही.

गोची होते ती प्रमाणात. समजा, सहा लिटरच्या यंत्रणेत आजवर साधं पाणी होतं. रेडिएटरचा खालचा नळ उघडला तर अडीच लिटर निघालं, उरलेलं साडेतीन लिटर ब्लॉक आणि हीटरमध्ये राहिलं. आता ‘रेडी टू यूज’ डबा, म्हणजे आधीच निम्मं पाणी घातलेलं कूलंट, अडीच लिटर ओतलं. त्यात खरं कूलंट सव्वा लिटर. सहा लिटरांत ते जेमतेम 21 टक्के होतं. सर्वसाधारणपणे 33 टक्क्यांच्या खाली गंजरोधक पुरत नाहीत, म्हणजे पैसे गेले आणि गंज चालूच. त्याऐवजी घट्ट कूलंट अडीच लिटर घातलं तर प्रमाण 42 टक्क्यांवर जातं आणि देवळालीला तेवढं पुरेसं आहे. निम्म्याच्या फार पुढे जाण्यात फायदा नाही. ग्लायकॉल वाढलं की मिश्रण उष्णता कमी वाहून नेतं.

मिसळायला डिस्टिल्ड वॉटर घ्यावं. पेट्रोलपंपावर बॅटरीसाठी मिळतं तेच चालतं, मात्र बॅटरीचं ॲसिड नव्हे. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवावं, म्हणजे अडकलेली हवा निघते. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर बाटलीतली पातळी पाहावी आणि कमी असेल तर त्याच प्रमाणाचं मिश्रण घालावं. काढलेलं जुनं कूलंट उघड्या ताटलीत ठेवू नये, ते गोड लागतं आणि कुत्र्यांचा जीव घेतं.