आत्ता नाही, फेब्रुवारीच्या मध्यानंतर

नोव्हेंबरातल्या एखाद्या दुपारी मोबाइलवर निरोप येतो. एका कंपनीला अनुभवी माणूस हवा आहे, तुमचं प्रोफाइल पाहिलं, बोलता येईल का? ज्याला निरोप आला तो नोकरी शोधत नसतो. हातातलं काम बरं चाललेलं असतं, तरी निरोप वाचून मन थोडं हलतं. वर्षभरात बदल करायचा विचार आहेच, पण आत्ता नाही. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर उत्तरच देत नाहीत, नाहीतर ‘सध्या विचार नाही, पण काही चांगलं असेल तर जरूर कळवा’ असं लिहून मोकळे होतात. दुसरं उत्तर सभ्य असलं तरी उपयोगाचं नाही. का, ते पलीकडच्या माणसाचं काम कसं चालतं ते पाहिल्यावर कळतं.

हेडहंटरला पैसे देते ती कंपनी, उमेदवार नव्हे. (उमेदवाराकडे नोंदणीचे किंवा ‘डिपॉझिट’चे पैसे मागणारा हेडहंटर नसतो, त्याला उत्तर न देणंच योग्य.) या धंद्याच्या दोन तऱ्हा आहेत. कोर्न फेरी, एगॉन झेंडर, स्पेन्सर स्टुअर्ट यांसारख्या संस्था वरच्या पदांसाठी शोध घेतात आणि त्यांची फी शोध सुरू झाल्यापासून हप्त्याहप्त्यानं मिळत जाते. मधल्या फळीच्या जागांसाठी मात्र मुख्यतः कन्सल्टन्सी काम करतात. त्यांना फी मिळते ती त्यांचा उमेदवार प्रत्यक्ष रुजू झाल्यावर, आणि भारतात ती बऱ्याचदा वार्षिक सीटीसीच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी असते. 28 लाखांच्या जागेवर हे सुमारे 2 लाख 33 हजार रुपये झाले. एकाच जागेवर दोन-तीन कन्सल्टन्सी लागलेल्या असतात आणि फी एकीलाच मिळते. म्हणून रिक्रूटर घाईत असतो आणि जो आत्ता हो म्हणेल त्याच्याकडे आधी वळतो.

मग ‘आत्ता नाही’ म्हणणाऱ्याचं तो काय करतो? नोंद करतो. प्रत्येक कन्सल्टन्सीकडे उमेदवारांची यादी असते आणि नावापुढे शेरा मारायची जागा असते. ‘काही चांगलं असेल तर कळवा’ या वाक्यातून शेरा तयार होत नाही, कारण ‘चांगलं’ म्हणजे काय आणि कधी, हे त्यात नसतं. ‘फेब्रुवारीच्या मध्यापासून बोलायला तयार, पुण्यात, टीम सांभाळण्याचं काम, नोटीस 90 दिवस’ हा मात्र पक्का शेरा आहे. चार महिन्यांनी तशीच जागा आली की या नावावर बोट थांबतं.

म्हणून उत्तरातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तारीख. ती मनाला येईल ती लिहून चालत नाही, हिशेब करून काढावी लागते. हिंजवडीतल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी एक टीम लीड डोळ्यांसमोर आणू. तिला या कंपनीत येत्या 15 जूनला पाच वर्षं पूर्ण होतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना 90 हजार. ग्रॅच्युइटीसाठी सर्वसाधारण कायम नोकरीत सलग पाच वर्षांची सेवा लागते आणि दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार मिळतो, महिना 26 दिवसांचा धरून. 90 हजार गुणिले 15 गुणिले 5, भागिले 26, म्हणजे जवळपास 2 लाख 60 हजार रुपये. सीटीसीच्या कागदावर ही रक्कम बहुधा वर्षावर्षाला मांडलेली असते, मूळ पगाराच्या 4.81 टक्के अशी. त्यामुळे ती आपलीच आहे असं वाटतं, पण मुदतीआधी नोकरी सोडली तर ती हातात पडत नाही. पाचव्या वर्षात 240 दिवस भरले तरी पुरे, असा अर्थ मद्रास उच्च न्यायालयानं एका निकालात लावला होता, पण प्रत्येक कंपनी तो मुकाट्यानं मान्य करते असं नाही. तेव्हा नोव्हेंबरात नको म्हणायला तिच्याकडे भक्कम कारण आहे. शिवाय नव्या बिलिंग प्रणालीचं काम मेअखेर संपायचं आहे, आणि ते अर्धवट टाकून जायचं तिच्या मनात नाही.

पहिला विचार येतो ‘जूननंतर बोलू’ असं लिहायचा. इथेच बरेच जण चुकतात. तिचा नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे, आणि नोटीसचे दिवस सेवेतच धरले जातात. 1 एप्रिलला राजीनामा दिला तर शेवटचा दिवस 30 जून येतो. पाच वर्षं पूर्ण होऊन वर पंधरा दिवस हाताशी राहतात आणि प्रकल्पही संपलेला असतो. 1 एप्रिलला राजीनामा द्यायचा तर मार्चअखेर ऑफर लेटर हातात हवं. मुलाखतींच्या तीन-चार फेऱ्या, पगाराची बोलणी, कागदपत्रं यांना पाच-सहा आठवडे सहज लागतात. म्हणजे बोलणं सुरू करायची वेळ फेब्रुवारीचा मध्य. जून लिहिलं असतं तर नवी नोकरी ऑक्टोबर-नोव्हेंबरापर्यंत लांबली असती आणि रिक्रूटरनंही नाव तितकंच मागे ढकललं असतं.

या हिशेबात एक धोका आहे, तो आधीच तपासलेला बरा. काही कंपन्या राजीनामा मिळताच माणसाला लगेच मोकळं करतात. तसं झालं तर पाच वर्षं भरणार नाहीत. आजवर सोडून गेलेल्या सहकाऱ्यांना पूर्ण नोटीस भरायला लावली का, हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक असतं. तिच्या कंपनीत पूर्ण 90 दिवस भरून घेतात. तसं नसतं तर 15 जून उलटल्यावरच राजीनामा देणं शहाणपणाचं, आणि मग पत्रातली तारीख एप्रिलच्या शेवटापर्यंत सरकली असती.

आता पत्र. ते बहुधा इंग्रजीत जाईल, पण मजकूर साधारण असा:

‘नमस्कार. आठवणीनं विचारल्याबद्दल आभार. या जागेसाठी मी आत्ता विचार करू शकत नाही, कारण सध्याच्या कामाची एक जबाबदारी मी मेअखेरपर्यंत घेतली आहे. जूनअखेर मोकळी होण्याचा विचार आहे, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यानंतर बोलायला मला आवडेल. पुण्यातली, आठ-दहा जणांची टीम सांभाळण्याची जागा असेल तर विशेष. नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे. तोपर्यंत माझी माहिती मला विचारल्याशिवाय कोणत्याही कंपनीकडे पाठवू नये, ही विनंती. खाली माझा वैयक्तिक ईमेल देत आहे.’

एवढंच. ग्रॅच्युइटीचा उल्लेख नाही, कारण खरं कारण पुरेसं सांगून झालं आहे आणि पैशाचं गणित परक्यासमोर मांडायची गरज नाही. सध्याचा पगारही नाही. नोव्हेंबरात सांगितलेला आकडा यादीत चिकटून राहतो आणि वेतनवाढ झाल्यावरही मार्चची बोलणी तिथूनच सुरू होतात. साहेबांबद्दलची नाराजी तर नाहीच नाही. ऑफिसच्या ईमेलवरून उत्तर देऊ नये, कारण तो पत्ता कंपनीचा असतो.

पत्रातलं सर्वांत वजनदार वाक्य आहे ते माहिती परस्पर न पाठवण्याचं. सीव्ही मागितला की लोक सहज पाठवून देतात, ‘असू दे तुमच्याकडे’ म्हणून. पण कन्सल्टन्सीनं एखाद्या कंपनीकडे नाव धाडलं की त्या नावावर तिचा हक्क लागतो. करारानुसार तो बहुधा सहा महिने किंवा वर्षभर चालतो. या टीम लीडचा सीव्ही नोव्हेंबरात एका कंपनीकडे तिच्या नकळत गेला आणि मार्चमध्ये तिनं ओळखीतून त्याच कंपनीत अर्ज केला, तर कंपनीला प्रश्न पडतो: हिला घेतलं तर फी कन्सल्टन्सीला द्यावी लागणार का? दोन कन्सल्टन्सींनी एकच नाव पाठवलं तरी असाच वाद होतो, आणि भांडण नको म्हणून कंपनी ते नावच बाजूला ठेवते. उमेदवाराला कारण कळतही नाही, फक्त पुढचा फोन येत नाही. पाठवलंय की नाही, हे ओळखायची एक खूण आहे. तुम्ही कधी अर्ज न केलेल्या कंपनीची प्रणाली ‘तुमची नोंद आधीच आहे’ असं सांगू लागली, तर कुणीतरी परस्पर नाव दिलेलं असतं.

उत्तर एक-दोन दिवसांत गेलेलं बरं. लिंक्डइनवर रिक्रूटर अनोळखी माणसाला इनमेल पाठवतो, त्यांची संख्या ठरलेली असते. समोरच्यानं 90 दिवसांत होकार किंवा नकार काहीही कळवलं तर वापरलेला इनमेल त्याला परत मिळतो. म्हणजे स्पष्ट नकारही त्याच्या कामाचा असतो, गप्प राहणं नव्हे. ‘तुमच्या ओळखीत कोणी आहे का?’ असं त्यानं विचारलं, तर त्या ओळखीच्याला आधी विचारावं आणि मगच नाव द्यावं.

फेब्रुवारी उजाडल्यावर मात्र निरोप तिनंच पाठवायचा. रिक्रूटर नोकरी बदलतात, याद्या मोठ्या असतात, शेरे मागे पडतात. जुन्याच संभाषणाखाली लिहिलं की वरचं सगळं समोर असतं, पुन्हा ओळख करून द्यावी लागत नाही. आणि ‘ती जागा तर केव्हाच भरली असणार’ असं समजून थांबू नये. नोव्हेंबर-डिसेंबरात निवडलेल्या माणसालाही 90 दिवसांची नोटीस असते. तेवढ्या काळात त्याला दुसरी ऑफर येते, आणि रुजू व्हायच्या दिवशी तो फिरकतच नाही, असं आपल्याकडे नेहमी घडतं. रुजू झालाच आणि पहिल्या तीन महिन्यांत सोडून गेला, तर बऱ्याच करारांनुसार कन्सल्टन्सीला बदली माणूस फुकट शोधून द्यावा लागतो. फी मिळणार नसल्यामुळे नवा शोध मांडायची तिची इच्छा नसते आणि ती आधी जुनीच यादी उघडते. मार्च ते मे हा असे फोन येण्याचा काळ, आणि टीम लीडनं दिलेली तारीख नेमकी त्याच्या तोंडावर पडते.

दरम्यान बेत बदलला, बढती मिळाली किंवा घरी बाळ येणार असेल, तर तेही दोन ओळींत कळवावं. प्रसूती रजेचा हक्क मिळायला त्याच मालकाकडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेलं असावं लागतं, त्यामुळे त्या वर्षी नोकरी न बदलण्याला खरा आधार आहे. कारण सांगायचं बंधन नाही. ‘हे वर्ष मी इथेच आहे, पुढच्या जानेवारीत बोलू’ एवढं लिहिलं की रिक्रूटर नावापुढची तारीख पुढे सरकवतो.