आजीच्या गोळ्या आणि चार दिवस

आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. पुण्याच्या एएफएमसीत नीटनंतर मुलाखत होते, पण एरवी ‘तुला डॉक्टर का व्हायचंय?’ हे मुलांना समोर बसवून सहसा कुणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये मात्र अर्जासोबत स्वतःविषयीचं निवेदन लिहावं लागतं. मोकळ्या जागा धरून ४००० अक्षरांची त्याला मर्यादा असते. पुढे मुलाखतीत त्यातल्याच एखाद्या ओळीवर बोट ठेवलं जातं.

माझी भाची लेस्टरला शिकते. तिने मला पहिला मसुदा पाठवला, त्यात वाक्य होतं, ‘लहानपणी आजीच्या वेदना पाहून मी हेलावून गेले आणि तेव्हाच डॉक्टर होण्याचा निश्चय केला.’

मी फोन केला. म्हटलं, “कसल्या वेदना?”

“मामा, टीबी झाला होता ना तिला!”

“ते मला माहीत आहे. तू काय पाहिलंस ते सांग.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “रांगोळीचा डबा.”

तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि सुट्टीत गावी आली होती. आजीचे उपचार नुकतेच सुरू झाले होते. साध्या टीबीला सहा महिने औषध घ्यावं लागतं आणि पहिले दोन महिने चार औषधं एकत्र देतात. त्यातल्या रिफाम्पिसिनने लघवी नारंगी-लाल होते. हे आजीला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलेलं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. तिला वाटलं, रक्तच जातंय. तिने गोळ्या बंद केल्या आणि रोजच्या रोज रांगोळीच्या डब्यात लपवायला लागली. नातीने ते पाहिलं. “कुणाला सांगू नकोस गं,” आजी म्हणाली. नात चार दिवस बोलली नाही.

पाचव्या दिवशी आशाताई आल्या. पाकिटं रिकामी होती, पण आजीला त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि खरं काय ते बाहेर आलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी आजीला दारात उजेडाला बसवून डोळ्यांचा पांढरा भाग पाहिला. भूक लागते का, उलट्या होतात का, तेही विचारलं. लघवी गडद होणं हे काविळीचंही लक्षण असतं, आणि टीबीच्या औषधांनी यकृताला त्रास होऊ शकतो. डोळे पिवळे असते, उलट्या होत असत्या, तर आजीला तातडीने डॉक्टरांकडे न्यावं लागलं असतं. तसं काही नव्हतं. “हा औषधाचा रंग आहे काकू. घामालाही येईल, डोळ्यांच्या पाण्यालाही येईल,” असं सांगून त्यांनी चुकलेले दिवस दवाखान्यात कळवले. आजीचं औषध पुन्हा सुरू झालं.

निवेदनाला लागणारा ऐवज हा होता. पण भाची संकोचली. “यात मी तर काहीच केलं नाही. उलट गप्प बसले.” मी म्हटलं, तेच लिही.

अशा लेखनासाठी तिकडे ग्रॅहम गिब्स यांचं १९८८ सालचं सहा पायऱ्यांचं चक्र शिकवतात. काय घडलं, काय वाटलं, काय बरं-वाईट झालं, ते तसं का झालं, त्यातून काय कळलं, पुढे काय करणार. बहुतेक मुलं पहिल्या दोन पायऱ्यांवरच रेंगाळतात. भाचीने प्रसंग चार वाक्यांत संपवला आणि ‘का’वर जास्त लिहिलं. आजी हट्टी नव्हती. तिला जे दिसलं त्यावरून तिने काढलेला निष्कर्ष अगदी रास्त होता. कमी पडलं ते आधी सांगितलेलं एक वाक्य.

मसुद्यात एक चूक उरली होती. ‘रिफाम्पिसिनचा परिणाम मी ओळखला नाही’ असं तिने लिहिलं होतं. दहा वर्षांच्या मुलीला ते नाव कुठून माहीत असणार? म्हणून तेव्हा पाहिलेलं आणि नंतर वाचलेलं, असे दोन भाग केले. मग आजीला फोन करून परवानगी घेतली. “लिही, पण गावाचं नाव नको,” आजी म्हणाली.

मुलाखतीच्या सरावात मी तिला अडचणीचा प्रश्न विचारला. आजीने विश्वासाने सांगितलेलं फोडणं योग्य झालं असतं का? ती म्हणाली, “आज असते तर आधी आजीलाच विचारलं असतं, गोळ्या का नकोत? मी तेव्हा ‘का’ विचारलंच नाही. विचारलं असतं, तर आशाताईंना सांगायला तिला कदाचित मीच तयार केलं असतं.”

निश्चयाचं ते वाक्य तिने खोडलं. आता निवेदनाची सुरुवात अशी आहे: ‘मी दहा वर्षांची असताना माझी आजी टीबीच्या गोळ्या रांगोळीच्या डब्यात लपवत होती. मला ते चार दिवस माहीत होतं.’