परत आलेल्या पार्सलचा हिशेब पिनकोडप्रमाणे

इचलकरंजीतला एखादा छोटा विक्रेता ऑनलाइन सुती कुर्ते विकतो असे धरू. कुर्त्याची किंमत ५९९ रुपये, पैसे माल हातात पडल्यावर. कुर्ता त्याला ३०० रुपयांना पडतो. पिशवी आणि लेबलचे १५, ऑर्डर मिळवण्यासाठी जाहिरातीचे ८०, कुरिअरचे ७० आणि रोख वसुलीचे ३० वजा केले, की पोचलेल्या प्रत्येक कुर्त्यामागे १०४ रुपये उरतात. हे आकडे उदाहरणादाखल घेतले असले, तरी असा धंदा करणाऱ्याला ते ओळखीचे वाटतील.

आता तेच पार्सल ग्राहकाने घेतले नाही तर? कुरिअरच्या भाषेत ते ‘आरटीओ’ झाले, म्हणजे पाठवणाऱ्याकडे माघारी निघाले. रोख वसुलीचे शुल्क बहुतेक वेळा माफ होते, पण जाण्याचे ७० तर गेलेच, वर येण्याचे ६० लागतात. पिशवी आणि जाहिरात वाया जाते. कुर्ता पुन्हा इस्त्री करून विकण्याजोगा करायला १५ धरा. एकूण फटका २४० रुपयांचा. एक पार्सल परत आले, की दोन पोचलेल्या पार्सलांची कमाई पुसली जाते आणि तिसऱ्यातलीही थोडी जाते.

शंभरातली दहा पार्सले परत आली तर ६,९६० रुपये सुटतात. तीस आली तर फक्त ८०. म्हणजे या कुर्त्यासाठी आरटीओची मर्यादा साधारण ३० टक्के.

खरी गोम पुढे आहे. ही मर्यादा सगळ्या भागांना सारखी नसते. कुरिअर कंपन्या शहरांतर्गत, राज्यांतर्गत, दूरचा भाग असे झोन पाडून दर लावतात. दूरच्या झोनमध्ये जाण्याचे १०० आणि येण्याचे ९० रुपये पडत असतील, तर पोचलेल्या कुर्त्यामागे ७४ उरतात आणि परत आलेल्यामागे ३०० जातात. तिथे २० टक्क्यांवरच नफा संपतो. शिवाय पार्सल पोचायला जितके दिवस जास्त, तितका ग्राहकाचा विचार बदलण्याचा धोका मोठा. म्हणजे जिथे सोसायची ताकद कमी, तिथेच परतीचे प्रमाण वाढण्याची शक्यता जास्त. जवळच्या भागात १० टक्के आणि दूरच्या भागात ३० टक्के आरटीओ असेल, तर सरासरी २० टक्के दिसते आणि विक्रेता निर्धास्त राहतो. प्रत्यक्षात जवळची शंभर पार्सले ६,९६० मिळवून देतात आणि दूरची शंभर ३,८२० घालवतात. सरासरीत हे दिसतच नाही.

म्हणून हिशेब पिनकोडप्रमाणे मांडायला हवा. पण एका पिनकोडवर पाच पार्सले गेली आणि दोन परत आली, एवढ्यावरून तिथला आरटीओ ४० टक्के आहे असे म्हणणे चुकीचे. इतक्या थोड्या संख्येत योगायोगच बोलतो. अशा वेळी पिनकोडचे पहिले तीन अंक उपयोगी पडतात. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेल्या, श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेल्या या रचनेत ते टपाल वर्गवारीचा जिल्हा सांगतात. त्या तीन अंकांवर पार्सले एकत्र केली, की बोलण्याइतकी संख्या जमते. मात्र ४१६ मध्ये इचलकरंजीही येते आणि सावंतवाडीही, हे विसरता कामा नये. आकडा बरा वाढला की पुन्हा सहा अंकांपर्यंत खाली उतरावे.

एखाद्या भागाचा आकडा वाईट दिसला, तर लगेच तिथल्या ग्राहकांवर खापर फोडणे अन्यायाचे ठरेल. डिलिव्हरी न झाल्याचा शेरा कुरिअरच्या पॅनलवर दिसतो: पत्ता अपूर्ण, फोन लागत नाही, ग्राहकाने नाकारले. त्याची वेळ पाहावी. एकाच भागातल्या पाच-सहा पार्सलांवर संध्याकाळी काही मिनिटांच्या अंतराने ‘ग्राहक उपलब्ध नाही’ पडले असेल, तर डिलिव्हरीवाला त्या घरांपर्यंत गेलाच नसण्याची शक्यता मोठी. ग्राहकाला त्याच दिवशी फोन करावा. ‘कोणी आलंच नाही’ असे दोघातिघांकडून ऐकू आले, तर बदलायचा तो कुरिअर, भाग नव्हे. पत्ते अपुरे असतील, तर पार्सल निघण्यापूर्वीच फोन करून जवळची खूण विचारून घ्यावी.

ग्राहक खरोखरच नाकारत असतील, तर त्या भागापुरती १०० रुपयांची आगाऊ रक्कम मागता येते. पार्सल नाकारल्यास ती परत मिळणार नाही, हे आधी स्पष्ट सांगावे. काही जण तिथेच गळतील आणि त्यांच्यावरचा जाहिरातीचा खर्च बुडेल, पण कुर्ता गोदामातच राहील, आठवडे-आठवडे रस्त्यात अडकणार नाही. ज्यांनी रक्कम भरली, त्यांच्यातले पार्सल परत आले तरी फटका ३०० वरून २०० वर येतो आणि त्या दूरच्या भागाची मर्यादा २० वरून २७ टक्क्यांपर्यंत सरकते. गळालेल्या ऑर्डरींचा जाहिरातखर्च धरला, तर ती थोडी खाली येईल.