दिवाळी सेल: २०% सूट देण्याआधी हा हिशोब करा

समजा तुमचं कुर्तीचं दुकान आहे. खरेदी ३०० रुपये, विक्री ५००, म्हणजे नगामागे २०० सुटतात. २०% सूट दिली की विक्री ४०० आणि सुटतात फक्त १००. सूट २०%, पण नफा निम्मा! सूट न देता पंधरा दिवसांत ६० नग जाणार असतील, तर तेच १२,००० कमवायला आता १२० विकावे लागतील. जाहिरातीवर ३,००० घातले की आणखी ३०. एवढं गिऱ्हाईक येणार आहे का?

म्हणून नव्या डिझाइनला सूट नकोच. ती मागच्या सीझनच्या, साईज तुटलेल्या मालावर द्या, तिथेच पैसा अडकलाय. नवा माल आधी ४० नगच भरा. काय हलतंय ते बघून बाकीचा मागवा. होलसेलवाला किती दिवसांत देतो, हे मात्र आधीच विचारून ठेवा.

सेल पगार-बोनस हातात पडताच सुरू करा. धनत्रयोदशीपर्यंत बऱ्याच घरांची कपडेखरेदी उरकलेली असते. जाहिरातही आधी १,०००चीच करा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारा, "आमच्याबद्दल कुठे पाहिलंत?" तीन-चार दिवसांत जाहिरात बघून आलेल्यांनी नव्या मालाचे ५ नगसुद्धा नेले नाहीत, तर उरलेले २,००० गल्ल्यातच राहू द्या.